घटिताला हो-नाही न देण्याचं पत्र: मसुदा तपासून द्याल का?

पंचांगवाला_खानापूर

नमस्कार मंडळी. तुळशीची लग्नं झाली की घटित, म्हणजे मुला-मुलीच्या पत्रिका जुळतात का ते, बघून घ्यायला रांग लागते आणि प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य हवं असतं, "जमतंय की नाही, तेवढं सांगा." यंदापासून ते वाक्य द्यायचं नाही असं ठरवलंय. गणित करून देईन, निकाल देणार नाही. त्यासाठी एक पत्र लिहिलंय. सध्या समोर असलेल्या स्थळावरूनच लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. जाणकारांनी चुका काढाव्यात, भाषेच्याही आणि गणिताच्याही.

*सप्रेम नमस्कार. चि. व चि. सौ. कां. यांच्या पत्रिका मिळाल्या. दोघांचं गणित करून सोबतच्या कागदावर दिलं आहे. हा विवाह करावा की करू नये, याचं उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. त्याचं कारण आपल्याला सांगणं माझं कर्तव्य आहे.*

*छत्तीस गुणांचं कोष्टक फक्त दोघांच्या जन्मावेळच्या चंद्रावरून मांडतात. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७ आणि नाडी ८, हे सगळं त्या दोन चंद्रांच्या राशी-नक्षत्रांवरून येतं. बाकीची पत्रिका त्यात उघडतसुद्धा नाही. मुलाचा चंद्र वृश्चिकेत ८ अंशावर, म्हणजे अनुराधा. मुलीचा सिंहेत २४ अंशावर, म्हणजे पूर्वा फाल्गुनी. दोघांची मध्य नाडी येते आणि गुण २२ च्या आसपास पडतात. आपण दुसरीकडे दाखवलंत तिथे मुलीचं नक्षत्र उत्तरा फाल्गुनी धरलं, आद्य नाडी आली, आणि गुण ३१ च्या घरात गेले. जन्मवेळेत थोडा फरक असला की असं होतं. एवढ्या तेवढ्याने जो आकडा नऊने हलतो, त्यावर दोन माणसांचा निर्णय मी टाकू शकत नाही.*

*मुलाचा स्वभाव, व्यसन, घरावरचं कर्ज, कोणाचा आजार, मुलीची मनापासून तयारी आहे की नाही, यातलं काहीही पत्रिकेत लिहिलेलं नसतं. ते विचारून आणि भेटूनच कळतं. आपला नम्र.*

---

गणित_आवडतं

पत्र आवडलं, पण एक वाक्य चुकीचं आहे आणि नेमकं तेच पत्राचा कणा आहे. "जन्मवेळेत थोडा फरक असला की असं होतं" हे या प्रकरणात बसत नाही.

उत्तरा फाल्गुनी सिंहेच्या २६ अंश ४० कलांवर सुरू होते. मुलीचा चंद्र २४ अंशावर म्हणजे हद्द २ अंश ४० कला लांब. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांच्या थोडा पुढे सरकतो, म्हणजे तेवढं अंतर कापायला त्याला साधारण पाच तास लागतात. दवाखान्यातली वेळ पाच-दहा मिनिटांनी इकडेतिकडे असते, पाच तासांनी नव्हे. आणि दोघांनी वेळ एकच धरली असणार, कारण कागद एकाच घरातून गेलाय.

माझा अंदाज असा की दुसरीकडे टिळक पंचांगाच्या पद्धतीने केलंय. आपण चित्रापक्ष धरता, ते रेवतीपक्ष धरतात, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठल्या ताऱ्यावरून ठरवायची यातला भेद. ती सुरुवात जितके अंश सरकवून धरतात ते अयनांश. दोघांच्या अयनांशात जवळजवळ ४ अंशांचा फरक आहे. टिळक पद्धतीत अयनांश कमी, म्हणून सगळे ग्रह तेवढे पुढे दिसतात. तुमचा २४ अंशांवरचा चंद्र तिकडे २८ च्या जवळ जातो आणि नक्षत्र ओलांडतो. मुलाचा ८ वरून १२ ला जातो, पण अनुराधा १६ अंश ४० कलांपर्यंत असल्यामुळे तो आहे तिथेच राहतो. म्हणून फरक एकट्या मुलीच्या नक्षत्रात दिसला.

पडताळायला सोपं आहे. त्या दुसऱ्या कागदावर मुलीचा रवी किती अंशावर लिहिलाय बघा. रवी दिवसाला एकच अंश चालतो. तोही चार अंश पुढे असेल तर भानगड अयनांशाची. रवी तसाच आणि चंद्र अर्ध्या-एक अंशाने हललेला असेल तर वेळेची. आणि चंद्र-रवी दोन्ही जागच्या जागी पण लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, वेगळं असेल, तर गाव चुकीचं निवडलंय किंवा वेळेत काही मिनिटांची चूक आहे.

---

पंचांगवाला_खानापूर

बरोबर पकडलंत. कागद काढून बघितला. रवी, मंगळ, गुरू, शनी, सगळे एकसारखे चार अंशांना काही कला कमी इतके पुढे आहेत. वेळ दोन्हीकडे तीच. म्हणजे त्या जोशीबुवांची चूक नाही आणि माझीही नाही, दोघांची पंचांगं वेगळी. पत्रातलं वाक्य बदलतो. उलट हे जास्त महत्त्वाचं निघालं. वेळेची चूक म्हटलं असतं तर घरच्यांनी खरी वेळ शोधायला दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या असत्या आणि हाती काहीच लागलं नसतं.

---

शहापूरचा_सोन्या

ते अंश-कला राहू द्या ओ. एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, एवढं साधं आहे की. जुन्या लोकांना रक्त तपासता येत नव्हतं म्हणून नाडी काढली. नवरा-बायकोचा गट एक आला की मुलं टिकत नाहीत, म्हणून आठ गुण. आमच्याकडे सगळे हेच बोलूलालेत. तेव्हा नाडी आली तर सरळ "नको" म्हणून सांगून मोकळं व्हावं, पत्र कशाला?

---

लॅबवाली_चिकोडी

सोन्याभाऊ, लग्नाआधी रक्त तपासावं असा तुमचा रोख असेल तर तेवढं योग्य. बाकीचं नाही.

रक्तगट आई-वडिलांकडून येतो, नाडी जन्माच्या वेळच्या चंद्रावरून. दोन सख्ख्या भावांचा गट एक आणि नाड्या वेगळ्या, असं सर्रास असतं. नाड्या तीन आणि प्रत्येकीत नऊ नक्षत्रं, म्हणजे कुठल्याही दोन अनोळखी माणसांची नाडी तीनात एकदा जुळणारच. आणि नवरा-बायकोचा गट एकच असणं ही अडचणच नव्हे. ओ आणि ओ असलेली किती जोडपी आहेत.

लक्ष ठेवायचं ते आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असताना, कारण बाळ पॉझिटिव्ह निघू शकतं. आईच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या बाळाला त्रास होतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. गरोदरपणी २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. यासाठी लग्न मोडायची काही गरज नाही, पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना गट सांगायचा.

लग्नाआधी खरंच बघण्यासारखी तपासणी म्हणजे थॅलेसेमियाची. साध्या रक्तगणनेबरोबर एचपीएलसी करतात, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजतात. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्यामुळे बघून कळत नाही आणि पत्रिकेतूनही नाही.

आपल्या भागात आणखी एक आहे. मामा-भाची, आत्या-मामाची मुलं अशी लग्नं अजून होतात. तिथे दोघांत एकच दोषी जनुक असण्याचा धोका जास्त. पण आईची आणि तिच्या भावाची नाडी वेगळी असू शकते, तशी मामा-भाचीचीही. अशा स्थळाला तीस गुणसुद्धा पडू शकतात. चंद्राला नातं दिसत नाही. पंचांगवाले काका, हे एक वाक्य पत्रात घालाच.

---

अथणीकर

आमच्याकडे निम्मी स्थळं कन्नड घरांतली. ते घटिताला सालावळी म्हणतात, आणि तिकडे बरेच जण आठ कूटांबरोबर रज्जूही बघतात, म्हणजे दोघांची नक्षत्रं एकाच रज्जूच्या गटात नाहीत ना ते. या उदाहरणात तेही तपासलं. अनुराधा आणि पूर्वा फाल्गुनी दोन्ही कटी रज्जूतली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोष. उत्तरा फाल्गुनी धरली तर नाभी रज्जू, दोष नाही. म्हणजे पंचांग बदललं की नाडी आणि रज्जू दोन्ही एकदम फिरतात. मराठी घर म्हणणार एकतीस गुण, कन्नड घर म्हणणार रज्जूदोष. भांडण माणसांचं दिसतं, असतं ते पंचांगांचं.

दुसरी गोष्ट कुंडलीच्या चौकटीची. आपल्याकडे वरच्या मधल्या घरात लग्न असतं आणि आकडा राशीचा. कन्नड चौकटीत राशींची घरं ठरलेली, वर डाव्या कोपऱ्यात मीन, तिथून उजवीकडे मेष, वृषभ, मिथुन असं घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, आणि लग्न ज्या घरात असेल तिथे खूण करतात. आपल्या सवयीने ती चौकट उतरवून घेतली की वरचं घर लग्न समजलं जातं आणि अख्खी पत्रिका फिरते. गुण तेच राहतात कारण चंद्राची रास लिहिलेली असते, पण मंगळ भलत्याच स्थानात जातो. आलेली पत्रिका कुठल्या चौकटीत होती हे सोबतच्या कागदावर लिहीत जा.

आता पत्राचं सगळ्यात नाजूक ठिकाण. तुम्ही "सांगू शकत नाही" लिहिलंत की घरचे त्याचा अर्थ "काहीतरी वाईट दिसलं, बुवांनी बोलायचं टाळलं" असाच घेतात. पत्रिकेत मरण दिसलं तर जोशी गप्प बसतो, हा समज गावात पक्का आहे. तुमचं सौम्य पत्र हेच सगळ्यात मोठा नकार ठरेल.

---

निपाणीकर_ताई

नमस्कार. धागा वाचला. माझ्या मुलीला कडक मंगळ सांगितलाय आणि एका स्थळाशी १४ गुण आलेत. तूळ लग्न १ अंश, मंगळ मकरेत चौथा. जन्म बेळगावचा, पण मोबाईलच्या ॲपमध्ये बेळगावी असं लिहून सापडलं नाही म्हणून बेंगळुरू निवडलं होतं. दादा, तुम्ही बघून सांगाल का, करावं की नाही?

---

पंचांगवाला_खानापूर

ताई, करावं की नाही हे इथेही सांगणार नाही, राग मानू नका. पण तुमच्या माहितीत एक चूक दिसते, ती सांगतो.

बेंगळुरू साडेसत्त्याहत्तर रेखांशाच्या जरा पुढे, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरवर. तीन अंशांच्या या फरकाने स्थानिक वेळ १२ मिनिटांनी बदलते. लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतं, म्हणून बेळगाव धरलं की तुमच्या मुलीचं लग्न तीनेक अंश मागे येईल. तूळ १ अंशावरून मागे म्हणजे कन्येच्या शेवटी. कन्या लग्नाला मकरेतला मंगळ पाचवा होतो, आणि पाचवं स्थान कोणी मंगळदोषात धरत नाही. गावाचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा, कित्येक ॲपमध्ये ते २०१४ नंतर बदललेलंच नाही.

चौदा गुण मात्र तेच राहतील. गाव बदलल्याने त्या क्षणी आकाशात चंद्र कुठे होता ते बदलत नाही.

आणि मंगळ "गेला" म्हणून आनंद नको, "आला" म्हणून धसकाही नको. १, ४, ७, ८, १२ ही पाच स्थानं धरतात, म्हणजे बारात पाच. दक्षिणेकडे दुसरंही धरणारे आहेत, मग निम्मी माणसं. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात, मग मंगळ नसलेला माणूस शोधावा लागेल. ज्या दोषात निम्मा गाव बसतो, त्यावरून तुमची मुलगी कोणाबरोबर सुखी राहील हे कसं सांगू?

---

निपाणीकर_ताई

गाव बदलून बघितलं. कन्या २८ आलं. पण पाहुण्यांना आधीच मंगळाची पत्रिका गेलीय. आता दुसरी पाठवली तर बदलून आणली म्हणतील ना?

---

अथणीकर

दोन्ही पाठवा, आणि जन्मगाव, वेळ, कुठलं गाव धरलं होतं ते दोन्हींवर लिहा. नुसती नवी पाठवली तर शंका येणारच.

---

वधूवर_मेळावा_बेळगाव

मी थोडं वेगळं बोलतो. मेळाव्यात मला दिसतं ते असं की घटित हे बऱ्याचदा नकार देण्याचं साधन असतं. मुलगी आवडली नाही, घर आवडलं नाही, जमीन कमी वाटली, मुलाबद्दल काही कानावर आलं, हे तोंडावर सांगता येत नाही. "पत्रिका जुळत नाही" म्हटलं की कोणाचाही अपमान होत नाही आणि पुढे नातेवाईकांत तोंड दाखवता येतं. तुम्ही सगळ्यांनी असं पत्र द्यायला सुरुवात केली तर ही सभ्य वाट बंद होईल. आणि लोक थांबणार नाहीत, दुसऱ्या गल्लीतल्या जोशांकडे जातील, तिथे हजार रुपयांत हो किंवा नाही मिळेल, वर शांतीचा खर्चही.

---

गणित_आवडतं

तुमचं निरीक्षण खरं आहे, पण त्या सभ्यतेची किंमत एकाच बाजूला पडते. ज्या मुलीला पाच ठिकाणाहून "पत्रिका जुळत नाही" आलं, तिची पत्रिकाच वाईट अशी गावात चर्चा होते. ते खरं कारण नव्हतं हे तिला कधीच कळत नाही.

पत्रिकेवरून असं काही ओळखता येतं का, याची एक चाचणी महाराष्ट्रात झाली आहे. २००८ साली जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत केली होती. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला ४०, आणि कुठली कोणाची ते ओळखायचं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. ती चाचणी लग्नाची नव्हती, त्यामुळे तिच्यावरून घटिताबद्दल थेट काही म्हणत नाही. पण एका माणसाच्या पत्रिकेवरून एवढा ढोबळ फरक ओळखता आला नाही, तर दोन पत्रिका जोडून दोघांचं जमेल की नाही हे कुठून कळणार?

---

वधूवर_मेळावा_बेळगाव

मुलीच्या बदनामीचं पटतं. पण नकाराची दुसरी वाट काय, हे तुम्ही कोणी सांगितलं नाही. "आमचा योग नाही" एवढं लिहिलं तरी समोरचा कारण विचारतोच.

---

लॅबवाली_चिकोडी

विचारू दे ना. "आम्हाला पुढे जायचं नाही" याला कारण लागत नाही. लागतं ते फक्त आपल्या सवयीने.

---

पंचांगवाला_खानापूर

मेळाव्याच्या दादांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. माझ्या कागदाचा वापर नकार म्हणून होऊ नये एवढीच माझी धडपड, ते बाहेर काय करतात ते माझ्या हातात नाही.

अथणीकरांनी दाखवलेली अडचण मोठी होती, म्हणून पत्र द्यायची पद्धतच बदलतो. आधी पत्र, मग पत्रिका. घरात कोणी आलं की पत्रिका हातात घेण्याआधी छापील पत्र वाचायला देणार. मान्य असेल तरच कागद घेणार. म्हणजे पत्रिका बघून मी गप्प झालो असं म्हणायला जागा उरणार नाही, कारण मी अजून बघितलेलीच नसेल. प्रत्येक जोडप्याला तेच पत्र, एक अक्षर इकडेतिकडे नाही. दोन्ही घरांना एकेक प्रत, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. निकाल द्यायचाच नाही, म्हणून शांतीचं नावही काढायचं नाही, नाहीतर तोच निकाल ठरतो.

सुरुवात अशी केलीय:

*हे पत्र आपली पत्रिका पाहण्याआधी दिलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला हेच पत्र मिळतं. यात आपल्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल शुभ वा अशुभ काहीही सुचवलेलं नाही. मी चित्रापक्षाच्या अयनांशाने गणित करतो. टिळक पंचांगाने केल्यास ग्रह सुमारे चार अंश पुढे येतात, नक्षत्र आणि गुण बदलू शकतात, आणि ते गणितही त्यांच्या पद्धतीने बरोबरच असतं.*

मधल्या भागात रक्ताच्या तपासणीचं आणि नात्याचं वाक्य जाईल. त्या स्थळाचे अंश आणि गुण पत्रातून काढले, ते फक्त सोबतच्या कागदावर.

---

गणित_आवडतं

"बदलू शकतात" ऐवजी किती ते लिहा, लोकांना अंदाज येईल. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, फरक चारचा, म्हणजे दहापैकी तिघांचं नक्षत्र बदलतं. दोघांपैकी एकाचं तरी बदलण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. चरण म्हणजे नक्षत्राचा पाव भाग, तो तर ३ अंश २० कलांचाच, तो प्रत्येकाचा बदलतो. जन्मनावाचं अक्षर चरणावरून काढतात, तेव्हा दोन पंचांगांची जन्मनावं कधीच एक येणार नाहीत, आणि घरच्यांना पहिली शंका तिथेच येते.

---

पंचांगवाला_खानापूर

घालतो. जन्मनावाचं ध्यानात आलं नव्हतं, खरंच पहिला प्रश्न तोच असतो.

---

अथणीकर

कन्नड प्रत मी करून देतो. फक्त "निकाल" या शब्दाला तिकडे कोर्टाच्या निकालासारखा वास येतो, त्या जागी "अभिप्राय" चालेल का?

---

पंचांगवाला_खानापूर

अभिप्राय नको, तो तर मी देतोच असं वाटेल. "करा किंवा करू नका असं सांगणार नाही" हे अख्खं वाक्यच कन्नडमध्ये जाऊ दे.

---

निपाणीकर_ताई

दोन्ही पत्रिका पाठवल्या. त्यांचा फोन आलाय, मुलाची जन्मवेळ त्यांनाही नक्की माहीत नाही म्हणाले. रविवारी दोघांना भेटू देऊ म्हणतात. आता मी त्यांना रक्ताच्या तपासणीचं कसं विचारू?

---

लॅबवाली_चिकोडी

आधी तुमच्या मुलीची करून घ्या, रिपोर्ट त्यांना दाखवा, मग त्यांचा मागा. रिकाम्या हाताने मागितलं की संशय घेतल्यासारखं वाटतं. उपाशी यायची गरज नाही, आणि अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते लॅबमध्ये आधी सांगायचं, नाहीतर एचपीएलसीचा आकडा फसवतो.